उजवीकडून सुरू होणारा तक्ता

दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावाच्या कल्याण निधीचे अकरा वर्षांचे वार्षिक अहवाल गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आले. १९९७ ते २००७ या काळातल्या या पुस्तिका उर्दूत छापलेल्या होत्या. गावातली बरीचशी माणसे मुंबईत किंवा आखातात असल्यामुळे कोणाकडून किती चंदा यायचा होता, किती आला आणि किती राहिला याचा हिशेब दरवर्षी छापून घरोघर पाठवण्याची तिथे पद्धत होती. आता हा सगळा हिशेब एका स्प्रेडशीटमध्ये यावा, अशी निधीचे काम पाहणाऱ्या मंडळींची इच्छा होती. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर वाचनाला आणि तपासणीला मदत करणार होते. मला स्वतःला उर्दू लिपी अडखळत वाचता येते, आकडे मात्र बिनचूक वाचता येतात.

सगळ्या तक्त्यांची रचना एकसारखी होती. सर्वांत उजवीकडे नंबर शुमार, म्हणजे अनुक्रमांक, आणि त्याच्या डावीकडे क्रमाने नाम, वल्दियत (वडिलांचे नाव), वाजिब (येणे असलेली रक्कम), वसूल, बाक़ी आणि अगदी डाव्या टोकाला कैफ़ियत, म्हणजे शेरा. यातले अर्धे शब्द आपल्या जमाबंदीच्या कागदांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेले असल्यामुळे मथळे समजायला मला अडचण आली नाही. वाजिब, वसूल आणि बाक़ी या तिन्ही स्तंभांच्या डोक्यावर ‘रक़म’ असे एकच जोडलेले घर होते, आणि शेवटच्या ओळीत मीज़ान, म्हणजे बेरीज, हा शब्द उजवीकडची तीन घरे व्यापून बसलेला होता. या दोन जोडलेल्या घरांनी पुढे मला बराच त्रास दिला.

अक्षरे संगणकावर जुळवलेल्या नस्तालीक वळणाची आणि छपाई स्वच्छ होती, म्हणूनच यंत्राने वाचन करण्याचा विचार शक्य झाला. हाताने लिहिलेली वही असती तर ही वाट मी धरलीच नसती. प्रतिमेतल्या उभ्याआडव्या रेघा ओळखून प्रत्येक घर वेगळे कापायचे आणि त्या घरापुरते वाचन प्रतिमेतली अक्षरे ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रॅमकडून करून घ्यायचे, असा बेत होता.

```
tesseract cell.png out -l urd --psm 7
```

घरे कापण्याचा प्रोग्रॅम मी स्वतःच लिहिला होता, आणि अशा बहुतेक प्रोग्रॅमांप्रमाणे तोही प्रतिमेच्या डाव्या कडेपासून मोजत होता. त्यामुळे शून्य क्रमांकाचा स्तंभ म्हणजे कैफ़ियत आणि सहा क्रमांकाचा म्हणजे नंबर शुमार. पहिल्या पानाचे फळ हाती आले तेव्हा हिशेब शेऱ्यापासून सुरू होऊन अनुक्रमांकावर संपत होता. तक्ता आरशात पाहिल्यासारखा वाटत होता. मात्र अक्षरे आरशातली नव्हती. प्रत्येक घरातला मजकूर सरळ होता, फक्त घरांची रांग उलटी होती. हा फरक सुरुवातीलाच नीट समजून घेतला पाहिजे, कारण रांग उलटवण्याच्या भरात घरातला मजकूरही उलटवला, तर उर्दूतला १२० हा आकडा ०२१ होतो. उर्दूत शब्द उजवीकडून डावीकडे जातात, पण आकडा आपल्यासारखाच डावीकडून उजवीकडे वाचला जातो.

उपाय सोपा वाटला. प्रत्येक ओळीतल्या घरांची यादी उलटी करायची, म्हणजे पायथॉनमध्ये `row[::-1]`, एवढेच. तसे करून पाहिल्यावर निम्म्याहून अधिक ओळी बरोबर बसल्या आणि मी समाधानाने ते पान छापून मास्तरांकडे नेले. त्यांनी नावांचा स्तंभ मोठ्याने वाचायला घेतला आणि आठ-दहा ओळींनंतर ते थांबले.

“अरे, हा माणूस मी चौथीत असताना वारला,” ते म्हणाले. “एकोणीसशे नव्व्याण्णव साली त्याने चंदा कुठून भरला?”

“मास्तर, कागदावर तेच नाव आहे.”

“नाव आहे, पण ते बापाच्या घरात आहे. मुलाचं नाव काढून तू बापाला वर्गणीदार केलंस.”

त्या ओळीत धाकट्या भावाचे नाव थोरल्याच्याच अनुक्रमांकाखाली घेतलेले होते आणि त्यामुळे नंबर शुमारचे घर कोरे होते. माझ्या प्रोग्रॅमची खोड अशी होती की, ज्या घरात मजकूर सापडला नाही ते घर तो यादीतून वगळत असे. सातऐवजी कमी घरांची ती यादी उलटी केल्यावर नाव अनुक्रमांकाच्या जागी गेले, वडील नावाच्या जागी आले आणि येणे रक्कम वल्दियतमध्ये जाऊन बसली. कैफ़ियतचे घर कोरे असलेल्या ओळी मात्र निर्दोष दिसत होत्या, कारण यादी उलटल्यावर गळलेले घर शेवटी येते आणि त्याच्या नसण्याने कोणी सरकत नाही. म्हणजे ज्या ओळी बरोबर होत्या, त्या योगायोगाने बरोबर होत्या.

जोडलेल्या घरांच्या बाबतीत यादी उलटवण्याची रीत आणखीच उघडी पडते. ‘रक़म’ असलेल्या मथळ्याच्या ओळीत स्तंभ सात, पण घरे पाच. तेव्हा यादीचा नाद सोडून प्रत्येक घराची जागा आणि रुंदी जपायची आणि उलटवायची ती जागा, असे ठरवले. घर डावीकडून कितव्या स्तंभात सुरू होते आणि किती स्तंभ व्यापते हे प्रतिमेतल्या रेघांवरून कळतेच. कोरे घरही आता कोरे म्हणून नोंदले जाऊ लागले.

पहिल्या प्रयत्नात मी नवी जागा `n - 1 - col` अशी काढली. एकेरी घरांसाठी हे सूत्र ठीक आहे. पण ‘रक़म’ हे घर डावीकडून मोजता एक क्रमांकाच्या स्तंभात सुरू होते आणि तीन स्तंभ व्यापते; या सूत्राने त्याची नवी जागा पाच आली, म्हणजे ते बाक़ीच्या डोक्यावर सुरू होऊन पाच, सहा आणि अस्तित्वातच नसलेल्या सातव्या क्रमांकापर्यंत पसरले. चूक अशी की घर उलटले की त्याची डावी कड उजवी होते, आणि आपण मात्र जुनी डावी कडच नव्या मोजणीची सुरुवात धरतो. रुंदी वजा केली की प्रश्न सुटतो.

```python
def flip(col, span, n):
    return n - col - span
```

आता ‘रक़म’साठी ७ − १ − ३ = ३, आणि वाजिबचा स्तंभ नव्या मोजणीत तीनच आहे. मीज़ानचे घर डावीकडून चार क्रमांकावर सुरू होऊन तीन स्तंभ व्यापते, त्याची नवी जागा ७ − ४ − ३ = ०, म्हणजे अगदी आरंभाला. एकेरी घरासाठी रुंदी एक असल्यामुळे जुने सूत्रही याच्यातच सामावते.

इथपर्यंतचे काम दोन दिवसांत झाले होते. यानंतरचे तीन दिवस जे गेले ते एका दुरुस्त फाईलला नादुरुस्त समजल्यामुळे गेले.

उलटवलेला तक्ता मी स्वल्पविरामांनी घरे वेगळी करणाऱ्या सीएसव्ही फाईलमध्ये साठवला आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडला. सातवी ओळ पाहिली. तिच्यात अनुक्रमांक ७, नाव, वडील, वाजिब १२०, वसूल ८०, बाक़ी ४० आणि कैफ़ियतमध्ये ‘क़िस्त’, म्हणजे हप्ता, असा शेरा या क्रमाने यायला हवे होते. पडद्यावर मात्र डावीकडून आधी ७, मग शेरा, मग १२०, ८०, ४०, मग वडील आणि शेवटी नाव असा क्रम दिसत होता. अनुक्रमांक आपल्या जागी, तिन्ही रकमा आपापसांत योग्य क्रमाने, बाकीचे सगळे उलटे. त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे ज्या ओळीत शेरा नव्हता, तिच्यात अनुक्रमांकानंतर लगेच रकमा दिसत होत्या.

माझा प्रोग्रॅम काही स्तंभ उलटवतो आणि काही उलटवत नाही, असा निष्कर्ष मी काढला. मग दिसणाऱ्या क्रमावरून हिशेब करून स्तंभांची फेरमांडणी करणारी आणखी एक पायरी जोडली आणि फाईल पुन्हा उघडली. आता अनुक्रमांकानंतर नाव आले खरे, पण १२० आणि ८० एकत्र राहिले, ४० वडिलांच्या पलीकडे गेले आणि शेरा शेवटी गेला. ज्या तीन रकमा आधी शेजारी शेजारी होत्या त्यांची फाटाफूट झाली होती. निव्वळ अदलाबदलीने असे व्हायला नको होते, आणि तिथे मला प्रथम शंका आली की मी जे पाहतो आहे ते फाईलमध्ये नाहीच.

खरोखरच ते फाईलमध्ये नव्हते. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीची अक्षरे ओळीत आली की ती पडद्यावर कोणत्या क्रमाने मांडायची, याचे नियम युनिकोडने घालून दिलेले आहेत आणि एडिटर ते पाळतो. त्या नियमांना स्वल्पविराम म्हणजे दोन घरांमधली भिंत आहे हे ठाऊक नसते. त्यांच्या दृष्टीने ती संपूर्ण ओळ म्हणजे एक वाक्य. नावापासून शेऱ्यापर्यंतचा सगळा भाग उर्दू वाक्य समजून उजवीकडून डावीकडे मांडला जातो, म्हणून शेरा डावीकडे आणि नाव उजव्या टोकाला जाते. अनुक्रमांक पहिल्या उर्दू अक्षराच्या आधी येतो, त्यामुळे तो डावीकडेच राहतो. दोन आकड्यांच्या मध्ये एकच स्वल्पविराम असला की तो आकड्याचाच भाग मानला जातो, जसा आपण हजाराच्या आकड्यात देतो. त्यामुळे १२०,८०,४० हा एक लांबलचक आकडा ठरतो आणि आतून डावीकडून उजवीकडे मांडला जातो. शेरा नसेल, तर उर्दू वाक्य रकमांवर संपते आणि म्हणून रकमा अनुक्रमांकाला चिकटतात. मी जे जे चमत्कारिक पाहिले होते, ते सगळे एका बरोबर फाईलचेच दर्शन होते.

फेरमांडणीची पायरी मी काढून टाकली, आणि त्यानंतर स्तंभांचा क्रम डोळ्यांनी तपासणे सोडून दिले. घर क्रमांकासह आणि मजकूर सांकेतिक आकड्यांत छापला की मांडणीचे नियम लागूच होत नाहीत, कारण ओळीत उर्दू अक्षर उरत नाही.

```python
for i, c in enumerate(row):
    print(i, ascii(c))
```

मथळ्याच्या ओळीसाठी एक क्रमांकासमोर `'\u0646\u0627\u0645'` आले. `0646` म्हणजे नून, `0627` म्हणजे अलिफ़ आणि `0645` म्हणजे मीम. अर्थात ‘नाम’, आणि तेही आतल्या अक्षरांच्या योग्य क्रमाने. तिथेच आणखी एक गोष्ट उघड झाली. काही आकड्यांच्या आगेमागे `\u200f` आणि `\u200e` अशा खुणा होत्या. त्या दिशा दाखवणाऱ्या अदृश्य खुणा असून उजवीकडून येणाऱ्या लिपीच्या वाचनात टेसरॅक्ट त्या घालत असतो. पायथॉनचे `int` उर्दू आकडे थेट समजून घेते, पण अशी खूण चिकटलेली असली तर चूक दाखवून थांबते, म्हणून त्या आधी झाडून घ्याव्या लागल्या.

```python
MARKS = dict.fromkeys([0x200E, 0x200F,
    *range(0x202A, 0x202F), *range(0x2066, 0x206A)])

def num(s):
    return int(s.translate(MARKS).strip())
```

ज्याला फाईल डोळ्यांनीच पाहायची आहे त्याने स्वल्पविरामाऐवजी टॅबने घरे वेगळी करावीत, असे मी सुचवीन. टॅबला युनिकोडच्या नियमांत वेगळा दर्जा आहे. तिथे मांडणी तुटते आणि प्रत्येक घर आपापल्या जागी राहते. मी पहिल्याच दिवशी टॅब वापरला असता तर ते तीन दिवस वाचले असते.

एकच पान हाताने तपासणे शक्य होते. दीडशेच्या वर पाने तशी तपासणे शक्य नव्हते. म्हणून क्रम बरोबर आहे की नाही हे तक्त्यानेच सांगावे अशी सोय केली. पहिली कसोटी अनुक्रमांकाची: ज्या टोकाच्या स्तंभातले आकडे ओळीगणिक एकाने वाढत जातात, तो नंबर शुमार. प्रतिमेत तो उजव्या टोकाला सापडला तर तक्ता उलटवायचा, डाव्या टोकाला सापडला तर आहे तसाच ठेवायचा. मधली एखादी ओळ वाचनात चुकली तरी बिघडत नाही, बहुसंख्य ओळी चढत्या असल्या की पुरे. दुसरी कसोटी वजाबाकीची: रकमांचे तीन स्तंभ साठवलेल्या क्रमाने घेतले, तर पहिल्यातून दुसरा वजा केल्यावर तिसरा आला पाहिजे, म्हणजे वाजिबमधून वसूल वजा केले की बाक़ी. सातव्या ओळीत १२० − ८० = ४०. क्रम आरशातला राहिला असेल तर ती वजाबाकी ४० − ८० अशी होते आणि उत्तर १२० कधीच येत नाही.

मला ही दुसरी कसोटी अधिक भरवशाची वाटत होती, पण तिच्यातही एक भोक निघाले. ज्याने काहीच भरले नाही त्याच्या ओळीत वाजिब १२०, वसूल ०, बाक़ी १२० असते, आणि ही ओळ कोणत्याही बाजूने वाचली तरी बरोबरच ठरते. एखाददुसऱ्या अशा ओळीने काही बिघडत नाही. परंतु प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी थकबाकीदारांची स्वतंत्र यादी होती, आणि त्या पानांवर सगळ्याच ओळी अशा होत्या. उलटवायचे राहून गेलेले पानही या कसोटीला शंभर टक्के उतरले असते. तेव्हा ज्या ओळींत वसूल शून्य आहे त्या कसोटीतून वगळल्या, आणि वगळून पाचपेक्षा कमी ओळी उरल्या तर पान हाताने पाहायचे असे ठरवले.

उर्दू अक्षरे दिसली की तक्ता उलटवावा, हा सोपा नियम मी का वापरला नाही, असा प्रश्न पडू शकेल. प्रत्येक पुस्तिकेत धर्मादाय कार्यालयाला द्यायचा ताळेबंद मराठीतून छापलेला होता, आणि तो डावीकडून सुरू होणारा असल्यामुळे तेवढ्यापुरता हा नियम चालला असता. पण २००५ च्या पुस्तिकेतली चार पाने या नियमाला हुलकावणी देणारी निघाली. त्या पानांवर मजकूर उर्दूत, पण नंबर शुमार डाव्या टोकाला होता. बहुधा कोणीतरी ती यादी डावीकडून सुरू होणाऱ्या स्प्रेडशीटमध्ये टंकून तशीच छापखान्यात दिली असावी. लिपीवरून घरातल्या मजकुराची दिशा कळते, तक्त्याची दिशा कळेलच असे नाही. अनुक्रमांकाच्या कसोटीने ती चारही पाने न उलटवता सोडली.

पानांच्या क्रमाचीही तीच कथा. या पुस्तिकांची शिवण उजवीकडे असते आणि मुखपृष्ठ आपल्या पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या जागी. ज्याने स्कॅन केले त्याने पुस्तिका आपल्या सवयीने उघडून शेवटच्या पानापासून सुरुवात केली होती, शिवाय दोन समोरासमोरची पाने एकाच प्रतिमेत घेतली होती. ती प्रतिमा मधोमध कापल्यावर उजवा अर्धा आधी आणि डावा नंतर घ्यायचा असतो. माझा प्रोग्रॅम स्वाभाविकच डावा आधी घेत होता. हे दुरुस्त करताना मात्र स्तंभांपासून पाने वेगळी ठेवली. आधी अनुक्रमांक पानापानांतून सलग चढत जातात की नाही ते पाहिले आणि पानांचा क्रम लावला, मगच एकेका तक्त्याला हात घातला.

रेघांच्या बाबतीत थोडे सांगितले पाहिजे. आमच्याकडची हवा कागदाला कशी वागवते हे कोकणात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. दोन पुस्तिका इतक्या वाकड्यातिकड्या झाल्या होत्या की उभ्या रेघा मध्येच वाकून तुटत आणि प्रोग्रॅमला सातऐवजी आठ स्तंभ दिसत. आठ स्तंभ धरून जागा उलटवली की जास्तीच्या स्तंभाच्या डावीकडची सगळी घरे एका जागेने सरकतात. म्हणून एका पुस्तिकेतल्या प्रत्येक यादीत स्तंभांची संख्या सारखीच आली पाहिजे अशी अट घातली, आणि अटीत न बसणारी पाने पुस्तिकेवर जड पाटी ठेवून मृगाच्या आत पुन्हा स्कॅन करून घेतली.

अखेरीस स्प्रेडशीट मास्तरांना द्यायचे होते. त्यांना ते पुस्तिकेसारखे, उजवीकडून सुरू होणारे हवे होते. अशा वेळी मनात येते की आता स्तंभ परत उलटवावेत; तसे अजिबात करू नये. साठवलेला क्रम नंबर शुमारपासूनच ठेवायचा आणि पानाची दिशा तेवढी बदलायची.

```python
ws.sheet_view.rightToLeft = True
```

याने पहिला स्तंभ पडद्यावर उजव्या टोकाला जातो, माहिती मात्र जागची हलत नाही. याच सोयीची दुसरी बाजू अशी की चुकीच्या क्रमाने साठवलेला तक्ताही या एका कळीने बरोबर दिसू लागतो, आणि मग बेरजेची सूत्रे चुकेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून फाईल देताना मी मथळ्याच्या ओळीखेरीज आणखी एक साधी खूण मास्तरांना सांगितली: कोणत्याही अनुक्रमांकावर टिचकी मारली की वरच्या चौकटीत स्तंभाचे अक्षर `A` दिसले पाहिजे.

मास्तरांनी चष्मा लावून पहिल्या पुस्तिकेचे पहिले पान काढले, सातव्या ओळीवर टिचकी मारली, चौकटीतले अक्षर पाहिले आणि मग नावांचा स्तंभ पुन्हा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. या खेपेला मुलाचे नाव मुलाच्या घरात होते. अक्षरांच्या चुका मात्र दर चार-पाच ओळींना निघत होत्या, नुक्ते गळलेले होते, आणि त्या ते पेन्सिलीने छापील प्रतीवर लिहीत गेले.